आमची वाटचाल : साडेसातशे ग्रॅमचा धडा

कोल्हापुरात नुसतं 'चटणी' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं कांदा-लसूण मसाला येतो. आमची तसली नाही, हे पहिली दोन वर्षं मी प्रत्येक दुकानात सांगत फिरलो. आमची कोरडी, शेंगदाणा-लसणाची, भाकरीबरोबर तशीच खायची. 2008 साली मी आणि माझे दाजी, दोघांनी मिळून सुरू केली. भांडवल म्हणजे एक जुना डंक, एक बिडाची कढई आणि दाजींची स्कूटर.

डंकाबद्दल थोडं सांगतोच. पल्व्हरायझर झटपट दळतो हे मलाही दिसतं. पण दाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं. पल्व्हरायझरमधून फिरला की तो तापतो, तेल सुटतं आणि चटणीचा लगदा होतो. डंक ठेचतो, म्हणून दाण्याचा रवाळपणा राहतो आणि तेल हवं तेवढंच सुटतं. आम्ही आधी मिरची, मीठ, जिरं आणि वाळलेला लसूण कांडतो, दाणे सगळ्यात शेवटी. मधूनमधून चटणीला हाताची मागची बाजू लावून बघायची, कोमट लागली की डंक थांबवायचा. झालेली चटणी मुठीत दाबली तर लाडू व्हावा आणि बोटानं टिचकी मारली की सुटावा.

पहिली दहा वर्षं गावातच विकलं. राजारामपुरीतल्या एका खाणावळीच्या मावशी पहिल्या महिन्यापासून आमच्याकडूनच घेत. दर शनिवारी दोन किलो, पैसे रोख, आणि चूक असेल तर तोंडावर सांगणार. माल पंधरा दिवसांत संपायचा, त्यामुळं तो किती टिकतो हा प्रश्न कधी पडलाच नाही. खरी चूक तिथंच होती.

2018 च्या जूनमध्ये पुण्यातल्या काही दुकानांतून पहिली मोठी ऑर्डर आली, 120 किलोची. आम्ही हरखलो. रात्री जागून दहा-दहा किलोचे बारा घाणे काढले. सहा आठवड्यांनी फोन सुरू झाले. पाकिटात गुठळ्या, काहींना कुबट वास. 90 किलोच्या आसपास माल परत आला. दोन उधाऱ्या अंगावर, कामाच्या तीन बायकांचा पगार थकलेला. दाजी म्हणाले, "मीठ कमी पडलं असंल, वाढवू या." लोणचं मिठानं टिकतं हे डोक्यात पक्कं बसलेलं. दहा किलोला आम्ही 250 ग्रॅम घालायचो, ते 400 केलं. नवा माल खारट झाला, आणि तीन आठवड्यांत त्यालाही गुठळ्या.

याच काळात आमचाच एक जुना माणूस, ज्याला आम्ही दुकानांची ओळख करून दिली होती, त्याच दुकानांत स्वतःची चटणी घेऊन गेला. "त्यांचा माल खराब येतो," एवढं एकच वाक्य त्यानं बारा ठिकाणी सांगितलं. वाक्य खोटं नव्हतं, म्हणून जास्त लागलं.

उलगडा मावशींनी केला. परत आलेलं एक पाकीट त्यांनी वर्तमानपत्रावर ओतलं, चष्मा लावला आणि नखानं चटणी बाजूला करत बसल्या. म्हणाल्या, "बाळा, ह्यो बुरा बघ. दाण्याला न्हाई, लसणाला आलाय." खरंच, पांढरे तंतू सगळे लसणाच्या तुकड्यांभोवती होते. लसूण आम्ही अख्ख्या पाकळीचा, कढईत मोठ्या आचेवर परतायचो. बाहेरून तांबूस व्हायचा आणि आम्हाला वाटायचं झाला. पण वरचं कवच आधीच कडक झालं की आतलं पाणी आतच कोंडतं.

मग मी वजन करायला बसलो, हे दहा वर्षांत कधी केलं नव्हतं. सोललेल्या लसणात साधारण 65 टक्के पाणी असतं. म्हणजे एका घाण्याच्या दोन किलो लसणात कोरडा ऐवज फक्त 700 ग्रॅम. थोडा ओलावा राहील असं धरलं तरी तो साडेसातशेवर यायला हवा. जुन्या पद्धतीनं परतून तोलला, तर भरला एक किलो. पाव किलो पाणी आम्ही प्रत्येक घाण्यात स्वतःच्या हातानं मिसळत होतो!

दहा किलोत पाव किलो म्हणजे अडीच टक्के, तेवढं चालेल असं वाटतं. पण चटणीचा मोठा भाग तेल आहे आणि पाणी तेलात मुरत नाही. ते सगळं उरलेल्या कोरड्या भागात, त्यातही आधी लसणाशेजारी साठतं. मीठ ते ओढून घेतं आणि ओलं होतं, म्हणून गुठळी. एवढ्याशा मिठानं बुरा थांबत नाही, आणि थांबेल एवढं घातलं तर चटणी तोंडात धरवत नाही. इथं टिकवणारा कोरडेपणा आहे, मीठ चवीपुरतं.

आता लसणाचे पातळ काप करतो, 60 अंशांच्या आत ड्रायरमध्ये आठ-दहा तास ठेवतो आणि तराजूवर साडेसातशे आल्याशिवाय काढत नाही. काप मोडला की कट् आवाज यायला हवा, वाकला तर परत आत. वासासाठी शेवटी मंद आचेवर क्षणभर परततो. लाल केला की कडू झालाच. मीठही भाजून बारीक दळतो. या चटणीत विरघळायला पाणी नाही, खडा राहिला तर एक घास आळणी आणि पुढचा खारट. तिखटाला संकेश्वरी आणि ब्याडगी निम्मी-निम्मी. पण तिखट-मीठ ताज्या घाण्यावर ठरवू नका, दुसऱ्या दिवशी चाखा. तेलात मिरची मुरल्यावर चव बदलते.

दाणा पूर्ण भाजायच्या एक छटा आधी काढा, कढईबाहेरही तो आतून भाजत राहतो. पंख्याखाली पूर्ण गार होऊ द्या. गरम माल पाकिटात भरला तर आत वाफ धरते आणि सगळे कष्ट वाया. नव्यानं या धंद्यात येणाऱ्या पोरांनो, मशीन नंतर घ्या, आधी बरा तराजू घ्या.

बुऱ्याचं निस्तरलं, तरी खवटपणा हा वेगळा शत्रू. तो पाण्यानं येत नाही, हवा, उजेड आणि उष्णतेनं येतो. म्हणून पारदर्शक पाकीट सोडून चंदेरी घेतलं. प्रत्येक घाण्यातली चार-पाच छोटी पाकिटं फळीवर ठेवतो आणि दर महिन्याला एक फोडतो. चौथ्या महिन्यात विझलेल्या समईसारखा वास यायला लागतो, म्हणून पाकिटावर आम्ही तीनच महिने छापतो. आमच्याच त्या जुन्या गृहस्थांच्या पाकिटावर सहा आहेत. कसे, ते त्यांनाच विचारा. मी त्यांची चटणी खाल्ली आहे, दाण्याऐवजी पेंडीचा कोरडेपणा जिभेला कळतो.

2019 साली महापूर आला, पण ते साल सगळ्यांचंच गेलं. नंतरची वर्षं ठीक गेली. दाजी आता थकलेत, डंकाचा आवाज ऐकायला तेवढे येऊन बसतात. मावशींचे शनिवारचे दोन किलो सुरू आहेत. पैसे द्यायच्या आधी मुठीत दाबून टिचकी मारून बघतात.

मागच्या दिवाळीत त्या गृहस्थांनी एका पोराला पाठवलं होतं, आमचा ड्रायर कुठला ते विचारायला. मी चहा पाजून परत पाठवला, ड्रायरचं नाव सांगितलं आणि साडेसातशेचा आकडा तेवढा ठेवून घेतला. आज तोही इथं लिहून बसलो.