समोरून येणारी गाडी आणि दहा सेकंदांचा हिशेब

धावत्या गाडीच्या खिडकीतून समोरून येणाऱ्या गाडीचा वेग काढायचा मला नाद आहे. गेल्या वेळी चाळीसगाव ते पाचोरा या पट्ट्यात घेतलेल्या नोंदींत एक आकडा मला छळत होता. त्याचा उलगडा झाला, म्हणून आधी तोच सांगतो.

मी खिडकीत होतो. फोनच्या जीपीएसवर आमचा वेग ताशी 108 किमी होता आणि अर्धा-पाऊण मिनिट तो हलला नव्हता. समोरून एलएचबी रेक, म्हणजे नव्या धाटणीच्या डब्यांची अख्खी गाडी आली, पुढे डब्ल्यूएपी-7 हे विजेचं इंजिन. त्याचं इंजिन माझ्या खिडकीला लागल्यापासून शेवटचा डबा निघून जाईपर्यंत बरोबर 10 सेकंद लागले. घरी येऊन शाळेतलं सूत्र मांडलं, t म्हणजे वेळ, L1 आणि L2 दोन गाड्यांच्या लांब्या, v1 आणि v2 त्यांचे वेग:

```
t = (L1 + L2) / (v1 + v2)
```

एलएचबी डबा कपलिंगसकट 24 मीटर, इंजिन साधारण 20.5 मीटर. 22 डबे धरले की एक गाडी 548.5 मीटर. आमचा रेकही तसाच, म्हणून दोन्ही मिळून 1097 मीटर. त्याला 10 ने भागलं तर सेकंदाला 109.7 मीटर, म्हणजे ताशी 395 किमी. त्यातून आमचे 108 वजा केले तर समोरची गाडी 287 ने धावत होती! आपल्याकडे अशी गाडी नाही, तेव्हा चूक मांडणीतच होती.

सूत्र बरोबर आहे, पण ते वेगळ्या वेळेचं आहे. इंजिनाला इंजिन भिडल्यापासून शेपटीपासून शेपूट सुटेपर्यंतचा वेळ ते देतं. खिडकीतला माणूस म्हणजे आपल्या गाडीवरचा एक बिंदू. त्याच्यासमोरून फक्त दुसऱ्या गाडीची लांबी सरकते, आपल्या गाडीची लांबी हिशेबात येतच नाही. पहिल्या डब्यात बसा की शेवटच्या, वेळ तोच. म्हणून 548.5 भागिले 10, म्हणजे सेकंदाला 54.85 मीटर, ताशी जवळपास 197.5 किमी. त्यातून 108 गेले की उरले 89.5. हा आकडा पटण्यासारखा आहे.

मग पूर्ण वेळ खरंच 20 सेकंदांच्या आसपास येतो का, हे पाहायचं ठरवलं. पुढच्या फेरीला मामेभावाला बरोबर घेतलं. तो इंजिनामागच्या पहिल्या डब्याच्या पुढच्या दाराजवळ, मी शेवटच्या डब्याच्या मागच्या दाराजवळ. दारं बंद, काचेतून व्हिडिओ, दोघांच्या फोनची घड्याळं नेटवर्कवरून जुळवलेली. तीन गाड्या भेटल्या. त्यातली एक पुन्हा 22 डब्यांची एलएचबी होती आणि तेव्हाही आमचा वेग 108 च होता. मामेभावाच्या व्हिडिओत समोरचं इंजिन दिसल्यापासून माझ्या व्हिडिओत शेवटचा डबा जाईपर्यंत 19.5 सेकंद. माझ्या एकट्याच्या व्हिडिओत तीच गाडी 10 सेकंदांची, म्हणजे एकत्रित वेग सेकंदाला 55 मीटरच्या आसपास. सूत्राप्रमाणे 1097 भागिले 55, म्हणजे 19.9 सेकंद. राहिलेले 0.4 सेकंद कुठे गेले? मामेभाऊ म्हणाला, ‘‘दादा, आपलं इंजिन तर माझ्याही पुढे होतं ना!’’ अगदी खरं. इंजिनाचे 20.5 मीटर आणि दोन्ही टोकांना दारापलीकडचे एक-दोन मीटर मिळून साधारण 23 मीटर आम्ही मोजलेच नव्हते, आणि 23 भागिले 55 म्हणजे 0.4. तो आकडा जुळला तेव्हा फार समाधान वाटलं.

आता चुका कुठून शिरतात ते पाहू. बोटाने स्टॉपवॉच दाबताना 0.3 सेकंदांचा फरक सहज पडतो, आणि त्याने समोरच्या गाडीचा वेग 6 किमी इकडे-तिकडे होतो. व्हिडिओची चौकट न् चौकट पाहिली की ही चूक जवळजवळ जाते. त्याहून मोठी चूक डबा ओळखण्यात होते. जुना आयसीएफ डबा बफरसकट 22.3 मीटरचा असतो. एलएचबी समजून हिशेब केला तर 22 डब्यांत 37 मीटर जास्त धरले जातात आणि वेग थेट 13 किमीने फुगतो. म्हणून डब्यांची संख्या आणि प्रकार मी आता अंदाजाने लिहीत नाही, व्हिडिओ थांबवून मोजतो. गाडी वेग घेत असेल किंवा ब्रेक लागत असेल तर ती नोंद सोडून देतो, कारण जीपीएसचा आकडा थोडा मागे राहतो. शंका आली तर किलोमीटरच्या दोन दगडांमधला वेळ घ्यावा: 108 ला तो 33.3 सेकंद येतो.

पुढची नोंद रुळांवरच्या पुलावरून घेणार आहे. दोन्ही गाड्या सारख्या लांबीच्या आणि सारख्या वेगाच्या असतील तर इंजिनं जिथे भेटली तिथेच शेपट्या सुटायला हव्यात. पण 30 आणि 25 मीटर प्रतिसेकंद वेगाच्या आमच्या जोडीत शेपट्या सुटण्याची जागा जास्त वेगाच्या गाडीच्या दिशेने सुमारे 50 मीटर सरकते. इंजिनं नेमकी पुलाखाली भेटलेली एखादी जोडी सापडली, की ते 50 मीटर विजेच्या खांबांवरून मोजता येतील.