तुम्ही विचारलंत म्हणून: हळदीच्या पैशांचा मेसेज

«काका, व्यापाऱ्याच्या चॅटवर मेसेज सात दिवसांत आपोआप जातात. त्यातला पैशांचा एकच मेसेज राहावा यासाठी काय करायचं?»

हा प्रश्न मला अनेक जण विचारतात, पण वरचे शब्द मिरज तालुक्यातील एका शेतकऱ्याचे आहेत. त्याने सांगलीत हळद विकली होती. काही रक्कम हातात मिळाली होती आणि उरलेल्या ६४,००० रुपयांबद्दल व्यापाऱ्याने सोमवारी संध्याकाळी ७ वाजता व्हॉट्सॲपवर लिहिले होते, की बाकी महिन्याअखेरीस देतो. तो माझ्याकडे आला तेव्हा गुरुवार होता, म्हणजे हातात आणखी चार दिवस होते. मुदत मेसेज पाठवल्यापासून मोजली जाते, वाचल्यापासून नव्हे. त्यामुळे फोन बंद असला किंवा मेसेज उघडलाच नसला तरी पुढच्या सोमवारी संध्याकाळी तो गेलाच असता.

त्याने स्वतः दोन उपाय आधीच केले होते आणि दोन्ही निरुपयोगी होते. पहिला म्हणजे त्या मेसेजला तारा लावला होता. ही चूक मीही केलेली आहे, कारण तारा पाहिला की मेसेज जपला गेला असे वाटते. प्रत्यक्षात तारा ही केवळ शोधण्याची खूण आहे आणि वेळ भरली की ताऱ्यासह मेसेज निघून जातो. दुसरा उपाय म्हणजे त्याने चॅटमधील टायमर बंद केला होता. टायमर बंद केल्याचा परिणाम त्यानंतरच्या मेसेजांवर होतो. आधी आलेला मेसेज आपली जुनी मुदत घेऊनच आलेला असतो.

या कामासाठी व्हॉट्सॲपने एप्रिल २०२३ मध्ये Keep ही वेगळी सोय दिली. मेसेजवर बोट दाबून धरले की पुस्तकातल्या खुणेच्या पट्टीसारखे चिन्ह किंवा Keep हा शब्द दिसतो. तो निवडला की मेसेजवर तीच छोटी खूण उमटते आणि मुदत संपल्यावरही तो दोघांच्याही चॅटमध्ये राहतो. नंतर तो शोधायचा असेल तर चॅटच्या वर दिसणाऱ्या नावावर बोट ठेवावे आणि Kept messages उघडावे.

मात्र या सोयीत एक अट आहे आणि पैशांच्या व्यवहारात तीच महत्त्वाची ठरते. तुम्ही मेसेज राखलात की पाठवणाऱ्याला ते कळते आणि शेवटचा शब्द त्याचाच असतो. त्याने Unkeep केले, तर मुदतीप्रमाणे तो मेसेज जातो आणि तो पुन्हा राखणे कोणालाही शक्य नसते. लिहिणाऱ्याला गायब होणारा मेसेज लिहिल्याची खात्री होती, म्हणून हा अधिकार त्याच्याकडे ठेवणे मला रास्तच वाटते. पण ज्याचे देणे आहे त्याच्याच हाती कागद ठेवण्यासारखे ते आहे, हेही खरे.

म्हणून आम्ही क्रम उलटा केला. Keep दाबण्याआधी शेतकऱ्याकडून स्क्रीनशॉट काढून घेतला आणि त्यात मेसेजसोबत त्याची वेळ आणि वरची तारखेची पट्टीही येईल असे पाहिले. चॅटच्या वर जे नाव दिसते ते आपणच सेव्ह केलेले असते, ते कोणतेही असू शकते. म्हणून संपर्काची माहिती उघडून व्यापाऱ्याचा नंबर दिसेल असा दुसरा स्क्रीनशॉट घेतला. त्यानंतरच Keep दाबले. भानगड झालीच तर फोनमधला मूळ मेसेज चित्रापेक्षा भक्कम, त्यामुळे स्क्रीनशॉट मिळाला म्हणून Keep सोडून देण्याचे कारण नव्हते.

तो मेसेज स्वतःच्याच नंबरवर फॉरवर्ड का करू नये, असे त्याने विचारले. त्या चॅटवर टायमर बंद असेल तर मजकूर तिथे नक्की टिकतो आणि पत्ता किंवा औषधाचे प्रमाण जपण्यासाठी तेवढे पुरे आहे. फॉरवर्ड केलेल्या मजकुरावर मूळ लिहिणाऱ्याचे नाव आणि मूळ वेळ मात्र राहत नाही. «बाकी महिन्याअखेरीस देतो» हे वाक्य कोणी म्हटले, तेच त्यातून हरवते.

Keep केल्याचे व्यापाऱ्याला दिसणारच होते, तेव्हा त्याला आधीच सरळ लिहावे असे मी सुचवले. शेतकऱ्याने लिहिले, «दादा, हिशेब विसरायला नको म्हणून तुमचा ६४,००० चा मेसेज राखून ठेवलाय.» पाच मिनिटांत उत्तर आले, «ठेवा की.» ते उत्तर नव्याने आलेले आणि टायमर बंद झाल्यानंतरचे होते, त्यामुळे त्याला Keep करण्याची गरजच नव्हती.