प्लाझ्मा वितळवण्याआधीचा फोन

"फॉर्म पाठवलाय, त्यावर सही आहे, अर्जंटवर टिक आहे. मग प्लाझ्मा थॉ करायच्या आधी परत फोन कशाला करता?"

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. एकोणीस वर्षं मी रक्तपेढीत आहे आणि त्यातली निम्म्याहून जास्त रात्रपाळीची. हा प्रश्न रेसिडेंट डॉक्टरांनी विचारलाय, सिस्टरांनी विचारलाय, आणि खिडकीपाशी पावती घेऊन उभ्या असलेल्या नातेवाइकांनी तर रडत विचारलाय. दर वेळी "नियम आहे" एवढं म्हणून मी मोकळी झाले. ते उत्तर अपुरं होतं.

आधी हे सांगते की प्रत्येक मागणीवर मी फोन करत नाही. तुम्ही लाल पेशींच्या दोन पिशव्या मागितल्या की मी कुणालाही न विचारता ग्रुप बघते, क्रॉसमॅच लावते, जुळलेल्या पिशव्या पेशंटच्या नावाने बाजूला ठेवते. पाऊण तास जातो, पण त्यात काही बिघडत नाही. ऑपरेशन रद्द झालं तर रिझर्व्हचं लेबल काढायचं, पिशवी पुन्हा दोन ते सहा डिग्रीच्या फ्रिजमध्ये साठ्यात. ती दुसऱ्या कुणाला तरी जाईल. तिथे विचारत बसणं म्हणजे निव्वळ उशीर.

एफएफपीचं, म्हणजे ताज्या गोठवलेल्या प्लाझ्माचं, तसं नाही. प्लाझ्मा उणे तीसच्या खाली गोठलेला असतो. पिशवी पाटीसारखी कडक असते, जरा आपटली तर तडा जातो. तिला वरून दुसरी प्लास्टिकची पिशवी घालून, तोंडं पाण्याबाहेर राहतील अशी, सदतीस डिग्रीच्या वॉटर बाथमध्ये सोडायची. मधला बर्फाचा गोळा शेवटी वितळतो. तोवर वीस मिनिटं ते अर्धा तास जातो, आणि त्यानंतर मागे फिरता येत नाही. ती पिशवी परत गोठवून ठेवता येत नाही. फ्रिजमध्ये ठेवून चोवीस तासांत कुणाला तरी द्यायची, नाहीतर टाकून द्यायची. उणे तीसमध्ये तीच पिशवी वर्षभर टिकली असती.

म्हणून माझा फोन या एका टप्प्यावर येतो. परत घेता येणारं काम मी तुमच्या कागदावर करते, न येणाऱ्या कामाला तुमचा आवाज मागते. पण हे वाक्य वाटतं तितकं सरळ नाही, आणि ते मला एका रात्री कळलं. त्या रात्रीआधीची गोष्ट मात्र आधी सांगावी लागेल, कारण तो नियम माझा मीच केला होता.

एका सकाळच्या लिस्टवर एबी ग्रुपचा पेशंट होता. फॉर्मवर नऊ वाजता चार एफएफपी लिहिले होते. मी साडेआठला चारही सोडले, वेळेत तयार केले. पेशंटला ताप आला म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांनी केस पुढे ढकलली होती, आणि हे आम्हाला कुणी कळवलं नाही. एबीचा प्लाझ्मा कुठल्याही ग्रुपला चालतो, म्हणून मी दिवसभर वॉर्डांना फोन करत राहिले. त्या दिवशी कुणालाच गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी चारही पिशव्या डिस्कार्डमध्ये गेल्या. एबीचे दाते आधीच कमी. त्यातल्या एका दात्याला मी स्वतः फोन करून बोलावलं होतं, तो कामावरची अर्धी सुट्टी टाकून आला होता. त्या संध्याकाळी मी रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहिलं, "वॉर्डमधून फोनवर खात्री झाल्याशिवाय एफएफपी थॉ करू नये." सगळ्यांनी ते मान्य केलं. मला फार बरं वाटलं होतं.

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यातली रात्र. एक वाजून पन्नास मिनिटांनी लेबर रूममधून फॉर्म आला. दोन पीसीव्ही, म्हणजे लाल पेशींच्या पिशव्या, चार एफएफपी, अर्जंटवर टिक. निदानाच्या रकान्यात एकच शब्द, सिझेरियन. अर्जंटवर टिक तर प्रत्येक फॉर्मवर असते, त्यावरून मला काहीच कळत नाही. पीसीव्हीचं क्रॉसमॅच मी लगेच लावलं. मग एफएफपीसाठी लेबर रूमचा नंबर फिरवला. वाजून वाजून बंद झाला. पाच मिनिटांनी पुन्हा, तेच. थिएटरचा नंबर लावला, तो एंगेज. दोन चाळीसला वॉर्डबॉय पीसीव्ही न्यायला आला. त्याला विचारलं, "पेशंट कशी आहे?" तो म्हणाला, "मॅडम, मला फक्त पिशव्या आणायला सांगितलंय." पिशव्या घेऊन तो पळत गेला. तो पळत गेला हे मी पाहिलं, आणि तरी पुन्हा फोनच उचलला.

तीन वाजून पाच मिनिटांनी पलीकडून कुणीतरी घेतला. मी विचारलं, "एफएफपी थॉ करू का?" क्षणभर काहीच आवाज नाही. मग, "अजून केलेच नाहीत?"

बाळ झाल्यावर गर्भाशय आवळलं नव्हतं. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त वाहत असतं. ते आवळलं नाही तर रक्त किती वेगाने जातं हे मला पुस्तकातून माहीत होतं. नुसत्या लाल पेशी देत राहिलं तर रक्त गोठवणारे, प्लाझ्मातले घटक आणखी पातळ होतात हेही माहीत होतं. चार पिशव्या वॉटर बाथमध्ये टाकून मी उभी राहिले. मधला गोळा वितळेना. हाताने हलकेच चोळत होते, जोरात चोळता येत नाही. तीन चाळीसला पिशव्या गेल्या. गर्भाशय काढावं लागलं. ती वाचली. पहिलंच मूल होतं.

सकाळी ऑपरेशन करणाऱ्या मॅडम खाली आल्या. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "माझा एक हात पोटात होता. दुसऱ्या हाताने फोन घ्यायला हवा होता का मी?"

आता माझी बाजूही लिहिते, कारण ती खोटी नाही. निदानाच्या जागी "पीपीएच", म्हणजे बाळंतपणानंतरचा रक्तस्राव, एवढी तीन अक्षरं असती तर मी फोन केलाच नसता. अर्जंट हा शब्द तुम्ही इतका वापरता की खऱ्या गरजेला तो उरलेला नाही. तो तास-सव्वा तास वाचला असता तर गर्भाशय वाचलं असतं का, हे मी कधी कुणाला विचारलं नाही, आणि विचारूनही नक्की सांगता आलं नसतं. चार पिशव्यांनी रक्त थांबतंच असंही नाही. हे सगळं खरं आहे. पण एक पंचावन्नला पिशव्या पाण्यात गेल्या असत्या तर अडीचच्या आत त्या बाईजवळ पोचल्या असत्या, हेही खरं आहे, आणि त्यात तुमचा फॉर्म आड येत नव्हता, माझं पहिल्या पानावरचं वाक्य आड येत होतं.

ते वाक्य लिहिणारीशी मी आजही भांडते. तिने पिशव्यांचा विचार केला होता, उत्तर न आल्यास काय याचा केला नव्हता. विचारायचं ठरवलं की ठरवणं संपलं असं तिला वाटलं. पण फोन उचलला जात नाही तेव्हा "थांबायचं" हा निर्णय कुणीतरी घेतलेलाच असतो, आणि तो तिने आधीच, फॉर्म न बघता, सगळ्यांसाठी घेऊन ठेवला होता. शिवाय जितका पेशंट जास्त बिघडलेला, तितकं फोन घ्यायला कुणी मोकळं नसतं. म्हणजे माझा नियम सर्वात जास्त उशीर नेमका तिथेच करणार होता.

नंतर मी पद्धत बदलली. रक्तस्राव चालू आहे असं फॉर्मवरून, वॉर्डबॉयवरून, कशावरूनही वाटलं तर चारपैकी दोन लगेच पाण्यात आणि मग फोन. फोन बाकीच्या दोनसाठी. पाच मिनिटांत उत्तर नाही आलं तर त्याही सोडते आणि माणूस वर पाठवते. उद्याच्या ऑपरेशनसाठी, किंवा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप, वाढलाय म्हणून मागितलं असेल आणि उत्तर आलं नाही, तर मात्र सोडत नाही. तिथे अर्ध्या तासाने कुणाचं बिघडत नाही.

आणि प्रश्नही बदलला. "लागणार आहेत का?" असं विचारलं की पलीकडून नेहमी "हो हो, करा" येतं. हो म्हणायला कुणाचं काही जात नाही, आणि बरेचदा बोलणाऱ्याला पेशंट माहीतच नसतो. आता मी विचारते, "ब्लीडिंग चालू आहे का? केस टेबलवर घेतली का? आयएनआर किती आला?" ज्याला माहीत नाही तो मग फोन दुसऱ्याकडे देतो. तुम्हाला ही उलटतपासणी वाटते, हे मला माहीत आहे.

एका जागी मात्र मी अजूनही थांबते, कितीही ओरडलात तरी. सॅम्पलवरचं नाव आणि फॉर्मवरचं नाव जुळत नसेल, किंवा आमच्या जुन्या नोंदीत बी आणि आज ट्यूबमध्ये ओ दिसत असेल, तर ते रक्त दुसऱ्याच पेशंटचं असू शकतं. तिथे नवीन सॅम्पल आल्याशिवाय त्या ग्रुपची पिशवी निघत नाही. रक्त वाहत असेल तर मी ओ ग्रुपच्या लाल पेशी आणि एबी प्लाझ्मा देते, रिकाम्या हाताने पाठवत नाही. पण अंदाजाने ग्रुप धरून नाही. चुकीच्या ग्रुपचं रक्त चढलं तर पहिल्या काही मिलिलिटरमध्येच घात होऊ शकतो, तो वितळलेल्या पिशवीसारखा डिस्कार्डमध्ये लिहून संपत नाही.

मागच्या आठवड्यात पुन्हा रात्री फॉर्म आला, निदानात नुसतं "ब्लीडिंग". मी दोन पिशव्या सोडल्या, मग फोन केला. सिस्टर म्हणाल्या, टाके घातले, थांबलंय, आता नको. दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत वाट पाहिली. कुणी मागितल्या नाहीत. डिस्कार्ड रजिस्टरमध्ये कारणाच्या रकान्यात "थॉ केले, वापर नाही" लिहिलं. शेजारी नवी मुलगी उभी होती, डीएमएलटी करून नुकतीच आलेली. तिने विचारलं, "मॅडम, आधी फोन केला असता तर?"

मी म्हटलं, तर या दोन पिशव्या वाचल्या असत्या.