फोनवर ठरलेले त्याच दिवशी लिहून पाठवणे

आज गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे काम कंत्राटदारांशी फोनवर ठरले आणि फोन ठेवल्यावर लगेच मी त्यांना व्हॉट्सॲपवर असा मजकूर पाठवला: "आज सकाळच्या फोननुसार, ६४० चौरस फूट गच्ची, दर ५५ रुपये प्रति चौरस फूट, एकूण ३५,२०० रुपये, आगाऊ १०,००० रुपये, जुना थर काढणे व राडारोडा हलवणे या दरातच धरले आहे. मान्य असल्यास तसे कळवावे."

तासाभराने उत्तर आले की राडारोडा गच्चीवरून खाली आणणे दरात आहे, मात्र टेम्पोचे भाडे वेगळे पडेल. फोनवर ते "सगळं त्यातच आलं" म्हणाले होते, आणि त्यांच्या दृष्टीने ते खोटेही नव्हते. 'सगळं' म्हणजे काय, एवढेच दोघांनी वेगवेगळे धरले होते. भाडे निम्मे-निम्मे ठरले, तेही लिहून घेतले आणि त्यानंतरच आगाऊ रक्कम पाठवली.

भारतीय करार कायदा, १८७२ नुसार तोंडी करारही सर्वसाधारणपणे वैध असतो. अडचण येते ती नेमके काय ठरले हे सिद्ध करताना. म्हणूनच "दोन दिवसांत हरकत न आल्यास मान्य समजू" या वाक्यावर मी विसंबत नाही, कारण समोरच्याचे मौन म्हणजे एरवी संमती ठरत नाही. "मान्य" हा शब्द त्यांच्याकडूनच यावा लागतो. ठरावीक मुदतीनंतर आपोआप पुसले जाणारे मेसेज मात्र अशा संभाषणात आधीच बंद करून ठेवावेत.