मामांच्या पावतीवर उणे ५३ लाख

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. लिहिलं दुसऱ्याच पोराने, २०१६ साली. तो पुण्याला गेला (आमच्या सोलापुरात लिहिणारे सगळे पुण्यालाच जातात) आणि ते माझ्या गळ्यात पडलं. काम साधं आहे. प्रत्येक लूमच्या पॅनलमध्ये पिक मोजणारा काउंटर असतो. आडवा धागा एकदा गेला की एक पिक. पाळी संपली की ऑफिसचा पीसी सगळ्या लूमचे आकडे वाचतो, सुरुवातीचा आकडा शेवटच्यातून वजा करतो आणि हजार पिकांना सव्वा रुपया या दराने विणकराची पावती छापतो.

२०२३ मधली गोष्ट. दुपारी साडेतीनला दिवाणजींचा फोन आला. "लवकर या. मामांकडून कारखान्याचं येणं निघालंय."

मामा म्हणजे तिथले एक विणकर. मला वाटलं, उचलीचं काहीतरी असेल. जाऊन पाहतो तर सकाळच्या पाळीच्या पावतीवर मामांचे तीन लूम बरोबर होते आणि चार नंबरच्या लूमपुढे छापलं होतं: उणे ५३,६८,५५६ रुपये ८२ पैसे. पावतीभोवती सगळी पाळी जमली होती. एकजण म्हणाला, "मामा, घर विकलं तरी फिटायचं नाही." मामा हसत होते, पण पावती काही हातातून सोडत नव्हते.

आधी मला वायरचा संशय आला. पण तसं असतं तर आकडा दर वेळी वेगळा आला असता. म्हणून मी लूमच्या शेडमध्ये गेलो आणि लूमची देखभाल करणाऱ्या जॉबरला म्हटलं, चार नंबर दोन मिनिटं बंद ठेवा. तो कुरकुरला, पण चालत्या लूमचा आकडा पॅनलवर एक आणि पीसीवर दुसरा दिसतो, मग ताळा करायचा कसा? लूम थांबल्यावर पॅनलवर होतं २,१४,७५,५१,९४५. ऑफिसात पीसीवर होतं उणे २,१४,७४,१५,३५१. चिन्ह सोडून दोन्हींची बेरीज केली. ४,२९,४९,६७,२९६ आली.

हा आकडा बघितला आणि माझं काम अर्धं झालं. दोनाचा बत्तिसावा घात. म्हणजे तार, काउंटर, लूम सगळं ठीक होतं. पॅनलवरून आलेले तेच बत्तीस बिट पीसी वेगळ्या तऱ्हेने वाचत होता. पॅनल ते नुसती संख्या म्हणून वाचतं, त्यामुळे ते ४२९ कोटींच्या पुढेपर्यंत जाऊ शकतं. पीसीवरचा प्रोग्रॅम मात्र पहिला बिट चिन्हासाठी राखून ठेवत होता. अशा वाचनात सगळ्यात मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७. त्यात एक मिळवला की पहिला बिट चालू होतो आणि संख्या थेट उणे २,१४,७४,८३,६४८ वर जाते. तिथून पुन्हा एकेक वर चढू लागते.

सकाळी सातला चार नंबरचा आकडा होता २,१४,७४,१२,३०५. हद्दीला ७१,३४२ पिक उरले होते. हा लूम थांबत-सुरू होत मिनिटाला सरासरी २५४ पिक टाकतो, म्हणजे पावणेबाराच्या आसपास तो ती हद्द ओलांडून गेला. कुणाला कळलंही नाही. तो २००५ साली बसवलेला. तीन पाळ्या, वर्षाला साधारण ११ कोटी ७० लाख पिक. भागाकार केला की अठरा वर्षं येतात. २०१६ मध्ये त्या पोराने चाचणी घेतली तेव्हा काउंटर अर्ध्या-पाऊण वाटेवर होता आणि आकडे अगदी बरोबर येत होते. त्याला तरी काय दोष द्यायचा.

चूक एका अक्षरात होती:

```python
picks = struct.unpack('>i', raw)[0]
```

छोटा `i` म्हणजे चिन्हासकट, मोठा `I` म्हणजे चिन्हाशिवाय. मी मोठा केला. डेटाबेसच्या टेबलात जे उणे वाचन साठलं होतं त्यात ४,२९,४९,६७,२९६ मिळवून ते २,१४,७५,३४,१४५ असं दुरुस्त केलं आणि मामांची पावती पुन्हा काढली. चार नंबर: ७१,३४२ पिक, ८९ रुपये १८ पैसे. उणे गेलं. दिवाणजींनी चहा सांगितला.

मामांनी पावती वाचली आणि चहाचा कप खाली ठेवला. "साहेब, एका टॉवेलच्या लांबीला २,४०० पिक. माझ्या बीमवरून आज पन्नास लांब्या उतरल्या. हे तर तिशीचंसुद्धा नाही."

मी मनातल्या मनात हिशोब केला. पन्नास गुणिले २,४०० म्हणजे १,२०,०००. मामांचं बरोबर होतं. मग हे ७१,३४२ कुठून आले? आणि मला ओशाळल्यासारखं झालं, कारण हा आकडा मी अर्ध्या तासापूर्वीच काढला होता. हद्दीला उरलेले पिक ते हेच.

झालं होतं असं, की प्रोग्रॅम दुरुस्त झाला, पण डेटाबेसमधला कॉलम `INT`च राहिला होता. त्याचीही हद्द तीच, २,१४,७४,८३,६४७. जुनं मायएसक्यूएल, कडक तपासणी बंद ठेवलेली. अशा वेळी ते मोठी संख्या नाकारत नाही, गुपचूप हद्दीवर कापून ठेवतं. माझ्या दुरुस्तीनंतर स्क्रीनवर ओळ आली होती:

```
Query OK, 1 row affected, 1 warning
```

`OK` वाचलं, `warning` सोडून दिलं. ही चूक त्या पुण्याच्या पोराची नाही, माझी.

मला आजही ती पहिली पावती दुसरीपेक्षा बरी वाटते. उणे ५३ लाख कुणीही खरं मानत नाही. ८९ रुपये खरे वाटतात. मामांनी लांब्या मोजल्या नसत्या तर त्यांचे ६३ रुपये बुडाले असते. आणि रात्री अकराला त्याहून वाईट झालं असतं. दुसऱ्या पाळीची सुरुवातही हद्दीवर कापलेली, शेवटही हद्दीवर कापलेला, वजाबाकी शून्य. शून्य पिक म्हटल्यावर मुकादमाने सॉफ्टवेअरला विचारलं नसतं, त्या विणकराला विचारलं असतं की आठ तास झोपला होतास का.

कॉलम `BIGINT` केला, वाचन पुन्हा भरलं. १,२१,८४० पिक, १५२ रुपये ३० पैसे. मामांनी ही पावती दुमडून खिशात ठेवली आणि उणेवालीही मागून घेतली, घरी दाखवायला.

वजाबाकीही बदलून टाकली:

```python
diff = (closing - opening) % 2**32
```

पॅनलचा स्वतःचा काउंटर ४२९ कोटींवर पोचून शून्याला आला तरी यातून फरक बरोबर निघतो. एक धोका मात्र आहे. कुणी लूमचं कार्ड बदललं आणि काउंटर नव्याने शून्यापासून लागला, तर हेच सूत्र भलामोठा फरक दाखवेल. म्हणून वर एक अडसर घातला. हा लूम न थांबता चालला तरी मिनिटाला ३०० पिक, आठ तासांत १,४४,०००. त्यापेक्षा जास्त आलं की पावती छापायची नाही, दिवाणजींनी पॅनल बघून यायचं.

त्याच खेपेचे आणखी अकरा लूम होते. सगळ्यांचे आकडे कागदावर मांडले. नऊ नंबरला हद्दीपर्यंत ३८ लाख पिक उरले होते, साडेदहा दिवसांचं काम. अकराव्या दिवशी सकाळी मी पीसीसमोर बसलो. मामा पाळी संपवून डबा घेऊन ऑफिसच्या दारात उभे होते. आकडा २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे सरकला, ६४८, ६५३, ६५७.

"गेला का?" मामा म्हणाले.

"गेला."

"मग मी निघतो. बस चुकंल."