मिठाच्या बरणीखालच्या चिठ्ठ्या

आज सुट्टी होती म्हणून स्वयंपाकघरातला खण आवरायला घेतला आणि तळाशी गेल्या चार महिन्यांतल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा हाती लागला. मी संध्याकाळी सातला रात्रपाळीसाठी निघते तेव्हा मुलगा शिकवणीला गेलेला असतो आणि सकाळी मी परतते तोवर तो शाळेत पोहोचलेला असतो, त्यामुळे आमचे बरेचसे बोलणे टेबलावर, मिठाच्या बरणीखाली होते. तो माझ्याच चिठ्ठीखाली उत्तर लिहितो. सुरुवातीच्या चिठ्ठ्या अगदी साध्या आहेत. "जेवण झाकून ठेवलं आहे, गरम करून घे. दूध फ्रीजमध्ये ठेव." त्याखाली, "जेवलो. दूध ठेवलं."

मग ती एक चिठ्ठी आली. चाचणीचा पेपर त्याच्या कपड्यांखाली सापडला, त्या संध्याकाळी घाईत मी लिहिले होते, "गणिताचा पेपर लपवलास का? मला सांगता आलं नसतं का?" समोर असता तर असे बोलून झाल्यावर मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला असता, कागदावर मात्र ते दोन प्रश्न जसेच्या तसे रात्रभर त्याच्यासमोर राहिले. सकाळी खाली उत्तर होते, "सॉरी आई. पुढच्या वेळी दाखवेन." त्याच्या वर एक ओळ इतकी गिरवून खोडली होती की कागद फाटायला आला होता. चिठ्ठी उलटी करून खिडकीच्या उजेडात तिरकी धरली, तेव्हा मागच्या बाजूला उमटलेली अक्षरे हळूहळू लागली : "सांगायला आलो होतो. तू झोपली होतीस."

मी ती ओळ वाचल्याचे त्याला अजून सांगितलेले नाही. जे त्याने स्वतःच खोडले, त्याचा जाब विचारणे मला योग्य वाटले नाही. दुसऱ्या दिवशी एवढेच लिहिले, "शनिवारी मी घरी आहे. झोपलेली असले तरी मला उठव. पेपर सोबत बघू." उत्तरादाखल फक्त "बरं" असे होते, पण या वेळी अक्षर नीट, सावकाश काढलेले होते.

शनिवारी मला जाग आली तेव्हा बारा वाजून गेले होते. आपण पुन्हा तेच केले या विचाराने मी धावतच स्वयंपाकघरात आले. टेबलावर गणिताची वही उघडी होती, त्यात पेपर होता आणि बरणीखाली चिठ्ठी होती : "दोनदा दारापर्यंत आलो. तू खूप दमलेली दिसलीस म्हणून उठवलं नाही. चुकलेली गणितं परत सोडवून ठेवली आहेत, शेवटचं जमत नाही. मी खाली खेळतोय. उठलीस की हाक मार."

आज ती चिठ्ठी पुन्हा वाचली. तिच्याखालची जागा कोरीच आहे, कारण तिचे उत्तर मी खिडकीतून हाक मारून दिले होते.