अल्टिमेट ऑसिलेटरची नोंद : खिडकीतून बाहेर पडणारा दिवस

आंब्याचा हंगाम चालू असला की बाजाराच्या वेळेत स्क्रीनसमोर बसणं जमत नाही. रत्नागिरीतल्या आमच्या गटातले बहुतेकजण त्यामुळे संध्याकाळचे गडी. साडेतीनला बाजार बंद झाला, भावकॉपी उतरवली, शीटमध्ये घातली की मग चार्ट. या पद्धतीला अल्टिमेट ऑसिलेटर चांगला जुळतो, कारण त्याला दिवसाचा हाय, लो आणि क्लोज एवढंच लागतं. गेल्या नोंदीत शीटची मांडणी ठरली होती. या वेळी एकाच प्रश्नाच्या मागे लागलो: तीन कालावधी मिसळल्याने खोटे ओव्हरबॉट-ओव्हरसोल्ड नेमके कशामुळे कमी होतात?

लॅरी विल्यम्स यांनी हा ऑसिलेटर 1976 मध्ये बांधला आणि 1985 मध्ये तो छापून लोकांपुढे आला. दिवसाचं बाइंग प्रेशर म्हणजे क्लोज वजा आजचा लो किंवा कालचा क्लोज, यातलं जे खाली असेल ते. कालचा क्लोज 100, आज लो 103, हाय 108, क्लोज 107, तर बाइंग प्रेशर 4 नाही, 7 धरायचं. सकाळी गॅप देऊन उघडतानाच घेणाऱ्यांनी जो जोर लावला, तोही मोजला जातो. ट्रू रेंज त्याच न्यायाने 8. मग 7, 14 आणि 28 दिवसांसाठी बाइंग प्रेशरची बेरीज भागिले ट्रू रेंजची बेरीज, आणि त्या तीन उत्तरांना अनुक्रमे 4, 2, 1 असा भार.

शीटमध्ये B हाय, C लो, D क्लोज, E बाइंग प्रेशर, F ट्रू रेंज. पहिला आकडा तिसाव्या ओळीत मिळतो:

```
E3:  =D3-MIN(C3,D2)
F3:  =MAX(B3,D2)-MIN(C3,D2)
G30: =100*(4*SUM(E24:E30)/SUM(F24:F30)
      +2*SUM(E17:E30)/SUM(F17:F30)
      +SUM(E3:E30)/SUM(F3:F30))/7
```

चिपळूणच्या मित्राने विचारलं, "दादा, 7 दिवसांना 4 भार म्हणजे अलीकडच्या आठवड्याला साधारण 57 टक्के वजन, बरोबर ना?" कुणालाही आधी तसंच वाटेल, असा तो आकडा आहे. पण शेवटचे 7 दिवस 14 च्या खिडकीतही असतात आणि 28 च्या खिडकीतही. रोजची रेंज सारखी धरली तर त्यांचं खरं वजन 75 टक्के भरतं. त्याआधीच्या 7 दिवसांना जेमतेम 18, आणि उरलेल्या 14 दिवसांना मिळून 7 टक्के. म्हणजे हा ऑसिलेटर मुळात वेगवानच आहे. लांबचे दिवस त्याला अडवत नाहीत, फक्त धरून ठेवतात. तेवढं धरणं किती कामाचं, हे बघायला मी एक कल्पित उदाहरण मांडलं.

समजा रोज ट्रू रेंज 10 आणि बाइंग प्रेशर 5. सगळीकडे 50, बाजार शांत. मधे एकच तगडा दिवस येतो: रेंज 30, बाइंग प्रेशर 27. फक्त 7 दिवसांचा ऑसिलेटर लावला तर तो 63 वर चढतो. मग पुढचे दिवस नेहमीसारखे जातात, आणि आठव्या सत्रात तो तगडा दिवस खिडकीतून बाहेर पडतो. त्या दिवशी बाजारात काहीही घडलेलं नाही, तरी ऑसिलेटर 63 वरून थेट 50 वर आपटतो. ही 13 अंकांची घसरण शुद्ध हिशेबाची आहे. एकाच कालावधीच्या ऑसिलेटरमधले किती तरी खोटे इशारे अशा जुन्या दिवसाच्या जाण्यातून येतात, आणि आपण त्यांचं कारण आजच्या कॅन्डलमध्ये शोधत बसतो.

तीन खिडक्या लावल्या की तोच दिवस तीन टप्प्यांत निघून जातो. सुरुवातीला अल्टिमेट ऑसिलेटर 60.3 असतो. आठव्या सत्रात तो 7.6 ने उतरतो, पंधराव्यात 2.1 ने, एकोणतिसाव्यात 0.6 ने, आणि मग 50. धक्का नाहीसा झाला नाही, पण सर्वांत मोठा टप्पा निम्म्याच्या जवळ आला. मला या ऑसिलेटरची सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. पातळ्यांच्या रेषा त्यानंतरच्या.

70 च्या वर ओव्हरबॉट, 30 च्या खाली ओव्हरसोल्ड, या पातळ्यांवरही परिणाम दिसतो. तीन आठवडे मंदीत गेलेल्या शेअरने आठवडाभर जोरदार उसळी घेतली आणि 7 दिवसांचं उत्तर 78, 14 चं 55, 28 चं 44 आलं, असं धरा. एकटा छोटा कालावधी ओव्हरबॉट ओरडतो. मिसळलेला आकडा 67 येतो, 70 च्या खालीच राहतो. मागचे आठवडेही जोराचे असते, म्हणजे 66 आणि 58, तर तोच 72 झाला असता. अर्थात पातळी ओलांडली म्हणून विल्यम्स सौदा करायला सांगत नाहीत. खरेदीसाठी आधी डायव्हर्जन्स हवा, म्हणजे भावाने नवा तळ करावा, ऑसिलेटरने करू नये. शिवाय ऑसिलेटरचा आधीचा तळ 30 च्या खाली असावा, आणि दोन तळांमधलं शिखर त्याने वर ओलांडावं, मग इशारा. आमच्या गटात 30 च्या स्पर्शावरच उडी मारायची सवय अजून आहे, ती मोडायला हवी.

आता जिथे तीन खिडक्याही काही करू शकत नाहीत तो भाग. सूत्रात बेरजेला बेरजेने भागतात, त्यामुळे मोठ्या रेंजच्या दिवसाचा आवाज आपोआप मोठा होतो. कारखाना इथलाच, म्हणून फिनोलेक्स इंडस्ट्रीज आमच्या यादीत असतोच. 2021 मध्ये त्याचं दर्शनी मूल्य 10 रुपयांवरून 2 रुपये झालं. अशा एकास पाच विभाजनात समायोजन न केलेले भाव तसेच ठेवले तर काय होतं, ते मुद्दाम सोप्या आकड्यांवर करून पाहिलं: काल 500, आज 101. शीटच्या मते एका दिवसात 402 रुपयांची रेंज आणि त्यात बाइंग प्रेशर फक्त 3. ऑसिलेटर 53 वरून 15 वर. पुढे शेअर अगदी नेहमीसारखा चालला तरी सातव्या सत्रापर्यंत 9, आणि आठव्या सत्रात एकदम 37. डायव्हर्जन्स शोधणाऱ्याला हा सुंदर तळ वाटेल, आणि तो संपूर्ण खोटा आहे.

ओळखायची खूण म्हणजे नेमक्या आठव्या सत्रातली उडी. पण तोवर थांबण्यापेक्षा शीटमध्ये एक रकाना वाढवला आहे: आजची ट्रू रेंज आधीच्या 28 दिवसांच्या सरासरीच्या पाचपटीहून जास्त झाली की ओळ लाल होते. लाल दिसली की आधी विभाजन किंवा बोनस आहे का पाहायचं, असेल तर त्याआधीचे सगळे हाय, लो, क्लोज त्याच प्रमाणात भागून घ्यायचे. निकालांच्या दिवशी खरी मोठी रेंजही लाल होईल. ती मात्र तशीच ठेवायची, ते खरे भाव आहेत.

आणखी एक, भावकॉपीत `ClsPric` आणि `LastPric` असे दोन रकाने असतात. क्लोजच्या थोड्या फरकानेही बाइंग प्रेशर हलतं, म्हणून कोणताही एकच रकाना शेवटपर्यंत वापरा. मी `ClsPric` घेतो. पुढच्या नोंदीत डायव्हर्जन्सची शिखरं शीटमध्येच कशी पकडायची ते मांडेन. गुहागर आणि देवगडच्या मंडळींनी तोवर आपापल्या शीटमध्ये लाल ओळी कुठे आल्या ते कळवावं.